न फाटलेला हातमोजा

आमच्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागातील एक तंत्रज्ञ गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला माझ्या बाह्यरुग्ण विभागात आले. दोन्ही हातांच्या बोटांची पेरे लाल, कोरडी आणि भेगाळलेली होती. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी सर्वांत वाईट. भाजी चिरताना लिंबाचा थेंब लागला तरी डोळ्यांत पाणी येते, असे ते म्हणाले. बोटांत कधीकधी मुंग्या येत होत्या. रविवारनंतर सोमवारी जरा बरे वाटायचे आणि बुधवारपर्यंत पुन्हा पहिल्यासारखे.

“मॅडम, मला रबराची ॲलर्जी झाली आहे बहुतेक,” ते म्हणाले. “दिवसभर ग्लोव्हज असतात ना हातात.”

शंका रास्त होती. पण रबराच्या ॲलर्जीचे पुरळ बहुधा हाताच्या मागच्या बाजूला येते आणि मनगटावर हातमोजा संपतो तिथे रेघ मारल्यासारखे थांबते. यांचा तळहाताचा मागचा भाग आणि मनगट स्वच्छ होते. त्रास होता तो बोटांच्या टोकांना, म्हणजे वस्तू ज्यांनी धरली जाते तिथे. त्वचारोग विभागात पॅच टेस्ट करून घेतली. रबरातील रसायने आणि फॉर्माल्डिहाइड, दोन्हींना प्रतिक्रिया आली नाही. मग मी विचारले, “हातमोजा काढल्यावर हाताला कसला वास येतो का?”

ते क्षणभर थांबले. “झायलिनचा येतो. पण तो तर सगळ्या खोलीलाच येतो.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या प्रयोगशाळेत गेले. शस्त्रक्रियेत काढलेला उतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याआधी त्याला बराच प्रवास करावा लागतो. आधी तो फॉर्मेलिनमध्ये मुरतो. मग अल्कोहोलमधून जातो. त्यानंतर झायलिनमध्ये, आणि शेवटी वितळलेल्या मेणात. काचपट्टीवर काप बसवल्यावर मेण काढण्यासाठी पुन्हा झायलिन, आणि वर पातळ काच चिकटवताना जो डिंकासारखा द्रव वापरतात त्याच्यातही झायलिन. झायलिन हा मेण विरघळवणारा द्रव. त्वचेतला तेलकटपणाही तो तितक्याच सहज विरघळवतो.

तंत्रज्ञांच्या हातात पांढरे लेटेक्सचे हातमोजे होते, वॉर्डात रुग्ण तपासताना आम्ही घालतो तेच. काचपट्टी डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरून ते उजव्या हाताने काच ठेवत होते. बोटे ओली होत होती. काम संपल्यावर त्यांनी हातमोजे काढले, उलटे केले आणि नळावर वाळत घातले. “दुपारी परत लागतील,” ते म्हणाले. “फाटलेले नाहीत. मी रोज बघतो.” त्यांनी एक हातमोजा नळाखाली धरून पाण्याने भरून दाखवला. थेंबही गळला नाही.

त्यांची परीक्षा चुकीची नव्हती. तपासणीच्या हातमोज्यांची गळती कारखान्यातही अशाच पद्धतीने तपासतात. हातमोज्यात एक लिटर पाणी भरून तो दोन मिनिटे टांगून ठेवतात. रक्त आणि विषाणू आत येऊ नयेत यासाठी भोक नसणे पुरेसे असते, आणि हे हातमोजे त्यासाठीच बनलेले असतात. पण रसायनाला आत येण्यासाठी भोकाची गरज नसते.

आपल्या प्रत्येकाच्या घरात याचा पुरावा असतो. हिंगाची पुडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून कपाटात ठेवा. चार दिवसांनी कपाट उघडले की हिंगच स्वागताला येतो. पिशवी फाटलेली नसते. पाणी भरले तर गळणार नाही. तरीही हिंगातील वासाचे रेणू प्लास्टिकच्या भिंतीतून बाहेर आलेले असतात. डांबरगोळ्यांचेही तेच.

या प्रक्रियेला पर्मिएशन म्हणतात. आपण तिला झिरपणे म्हणू, पण माठातून पाणी झिरपते तसे हे नव्हे. माठाला सूक्ष्म छिद्रे असतात, हातमोज्याला नसतात. इथे रसायन आधी हातमोज्याच्या बाहेरच्या पृष्ठभागात विरघळते. मग रेणू रबराच्या लांब साखळ्यांच्या मधून वाट काढत आतल्या बाजूकडे सरकतात. तिथे पोचले की आतल्या पृष्ठभागातून सुटतात आणि त्वचेला लागतात. हे सगळे डोळ्यांना दिसत नाही. हातमोजा आतून ओला लागेलच असेही नाही, कारण रेणू बाष्पाच्या रूपातही सुटतात आणि घामात मिसळतात.

हे किती वेगाने होईल, ते मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. पहिली, रसायनाचे आणि हातमोज्याच्या पदार्थाचे किती जुळते. नैसर्गिक रबर हे कार्बन आणि हायड्रोजन यांचे बनलेले आणि झायलिनही त्यांचेच. तेल तेलात मिसळावे तसे झायलिन रबरात शिरते. पातळ लेटेक्समधून ते आरपार यायला मिनिटभराचाच मामला असतो. फॉर्मेलिन मात्र पाण्यात बनवलेले द्रावण. त्याला रबरात शिरणे जड जाते. म्हणजे एकाच टेबलावरच्या दोन बाटल्यांपैकी एकीला जो हातमोजा तासन्‌तास अडवतो, तोच दुसरीला जवळजवळ अडवतच नाही.

दुसरी गोष्ट जाडी. जाडी दुप्पट केली तर वेळ दुप्पट होईल असे वाटते, पण रेणू सरळ रेषेत चालत नाहीत, भरकटत जातात. त्यामुळे त्याच पदार्थाची जाडी दुप्पट झाली तर आरपार येण्याचा वेळ साधारण चौपट होतो. तपासणीचा हातमोजा सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. कारखान्यात वापरायचा जाड हातमोजा ०.४ मिलिमीटर. जाडी चौपट, म्हणून वेळ अंदाजे सोळापट.

न फाटलेला हातमोजा किती फसवू शकतो, याचे सर्वांत दुःखद उदाहरण अमेरिकेतील आहे. न्यू हॅम्पशायर राज्यातील डार्टमथ कॉलेजमध्ये कॅरेन वेटरहान या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. विषारी धातू शरीरात काय करतात, हाच त्यांच्या संशोधनाचा विषय. १४ ऑगस्ट १९९६ रोजी त्या डायमिथाइल मर्क्युरी हे पाऱ्याचे द्रवरूप संयुग एका नळीत भरत होत्या. हवा ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटात काम चालू होते, हातात लेटेक्सचे हातमोजे होते. त्या काळच्या समजुतीप्रमाणे काळजीत काही उणे नव्हते. एक किंवा काही थेंब हातमोज्यावर पडले. त्यांनी सांडलेले पुसले आणि मग हातमोजे काढले. त्वचेला काहीच जाणवले नाही.

पाच महिन्यांनी, जानेवारी १९९७ मध्ये, त्यांचा तोल जाऊ लागला, बोलणे अडखळू लागले, ऐकू कमी येऊ लागले. रक्ताची तपासणी झाली. रक्तात प्रतिलिटर ८ मायक्रोग्रॅमपर्यंत पारा असला तर ते सामान्य मानले जाते, आणि २०० च्या वर विषारी. त्यांच्या रक्तात ४,००० मायक्रोग्रॅम निघाला. उपचार सुरू झाले, पण मेंदूची हानी आधीच झाली होती. ८ जून १९९७ रोजी वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. डोक्यावरचा केस ठरावीक गतीने वाढतो, म्हणून एका केसाचा तुकडान्‌तुकडा तपासून पारा शरीरात कधी शिरला ते शोधता आले. खूण ऑगस्टच्या त्या दिवसाकडेच गेली.

नंतर त्याच प्रकारच्या हातमोज्यांची चाचणी घेण्यात आली. हे संयुग पातळ लेटेक्समधून पंधरा सेकंदांत किंवा त्याहूनही लवकर आरपार गेले. हातमोज्याला भोक पडले नव्हते. तो फुगला नव्हता, चिकट झाला नव्हता, रंगही बदलला नव्हता. सांडलेले पुसायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात सगळे होऊन गेले होते.

झायलिन एवढे घातक नाही, हे मी तंत्रज्ञांना लगेच सांगितले. पण हातमोज्यात दोन्हीकडे घडते ते एकच.

आता हा पंधरा सेकंदांचा आकडा येतो कुठून, ते पाहू. त्याला ब्रेकथ्रू टाइम म्हणतात, म्हणजे आरपार येण्याचा वेळ. हातमोज्याच्या तळव्याचा गोल तुकडा कापून तो दोन कप्प्यांच्या मध्ये पडद्यासारखा बसवतात. एका कप्प्यात रसायन ओततात. दुसऱ्या कप्प्यातून स्वच्छ हवा किंवा पाणी फिरवत ठेवतात आणि त्यात रसायन सापडते का, ते उपकरणाने मोजत राहतात. युरोपीय पद्धतीत प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला एक मायक्रोग्रॅम रसायन येऊ लागले की घड्याळ थांबवतात. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. तो झाला ब्रेकथ्रू टाइम.

या व्याख्येतच एक बारीक गोष्ट दडलेली आहे. घड्याळ थांबते तेव्हा पहिला रेणू आत येतो असे नाही. पहिले रेणू त्याआधीच आलेले असतात, फक्त ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी प्रमाणात. आणि घड्याळ थांबल्यावर वेग तिथेच राहत नाही, पुढे तो वाढतो. म्हणून ब्रेकथ्रू टाइम ही ‘इतका वेळ बिनधास्त राहा’ अशी हमी नव्हे. हातमोजा त्याच्या बराच आधी उतरवायचा असतो. अमेरिकी पद्धतीत मर्यादा दहापट कडक आहे. त्यामुळे एकाच हातमोज्यासाठी दोन तक्त्यांत दोन वेगळे आकडे दिसू शकतात, आणि ते एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो.

शिवाय ही चाचणी २३ अंश सेल्सिअसला होते. हातमोज्याच्या आत आपला हात सुमारे ३३-३४ अंशांवर असतो, आणि मे महिन्यातली आपली प्रयोगशाळा तर विचारूच नका. उष्णता वाढली की रेणू वेगाने सरकतात. चाचणीत तुकडा स्थिर असतो. कामात मात्र बोट वाकते, रबर ताणले जाते, ताणलेल्या जागी पातळ होते. कामाच्या जागी मिळणारा वेळ म्हणूनच तक्त्यातल्या वेळेपेक्षा कमी असतो. दुसरीकडे, चाचणीत तुकडा रसायनात सतत बुडालेला असतो आणि आपल्याकडे बऱ्याचदा फक्त शिंतोडे उडतात. पण शिंतोडा उडून सुकला म्हणजे संपला, असे समजू नये. सुकलेला दिसतो तो थेंब अंशतः हवेत गेलेला असतो आणि अंशतः रबरात.

याच ठिकाणी तंत्रज्ञांच्या नळावर वाळणाऱ्या हातमोज्यांचा उलगडा होतो. सकाळी रबरात शिरलेले झायलिन हातमोजा टांगल्यावर थांबत नाही. ते दोन्ही बाजूंना पसरत राहते. सकाळी जे अर्ध्या वाटेवर होते, ते दुपारपर्यंत आतल्या पृष्ठभागावर पोचलेले असते. दुपारी तोच हातमोजा पुन्हा घातला, की काम सुरू होण्याआधीच बोटे झायलिनच्या संपर्कात येतात. वरून झाकण. घामाने भिजलेली, झाकलेली त्वचा उघड्या त्वचेपेक्षा रसायन जास्त शोषते. उघड्या बोटावर पडलेले झायलिन निदान उडून तरी जाते. हातमोज्यात अडकलेल्याला उडायला वाव नसतो. म्हणून चुकीचा किंवा पुन्हा वापरलेला हातमोजा कधीकधी हातमोजा नसण्यापेक्षाही वाईट ठरतो.

“पण मॅडम, झायलिनने हातमोजा खराब झाला की मला कळतं,” ते म्हणाले. “बोटं सैल पडतात, सुरकुततात. तसा झाला की मी टाकून देतो.”

ते सांगत होते ते डिग्रेडेशन, म्हणजे हातमोज्याचा पदार्थच बिघडणे. रसायन रबरात शिरले की रबर फुगते, मऊ पडते, लांबते. काही रसायनांनी उलट होते. रबरातले मऊपणा देणारे घटक निघून जातात, ते कडक होते आणि घडीवर तडकते. याचीही ठरावीक चाचणी आहे. रसायनाशी एक तास संपर्क ठेवून नंतर टोचणीला हातमोजा किती टिकतो, ते संपर्काआधीच्या ताकदीशी ताडून बघतात.

बिघडलेला हातमोजा टाकायचा, हे बरोबरच. चूक आहे ती त्याच्या उलट अर्थ काढण्यात. बिघडला म्हणजे रसायन नक्की आत शिरले आहे. पण बिघडला नाही म्हणजे शिरले नाही, असे म्हणता येत नाही. वेटरहान यांचा हातमोजा शेवटपर्यंत धडधाकट दिसत होता. आणि झायलिनच्या बाबतीत सुरकुती दिसेपर्यंत आरपार येऊन बराच वेळ झालेला असतो. हातमोज्याचा एक तुकडा कापून रसायनात अर्धा तास बुडवून ठेवण्याची युक्ती काही जण सांगतात. तो फुगला, चिकट झाला तर तो हातमोजा नापास, एवढे त्यातून कळते. फुगला नाही तर तो पास, असे मात्र कळत नाही. नाकावरही विसंबता येत नाही. झायलिनला वास आहे म्हणून तंत्रज्ञांना संशय तरी आला. अनेक घातक रसायनांना तो नसतो.

मग ओळखायचे कसे? हातमोज्याच्या खोक्यावर वाचून. रसायनांसाठी तपासलेल्या हातमोज्यांच्या खोक्यावर आयएसओ ३७४-१ हा मानक क्रमांक आणि प्रयोगशाळेतल्या शंकूच्या आकाराच्या चंबूचे चित्र असते. चित्राखाली काही इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. प्रत्येक अक्षर म्हणजे एक ठरलेले रसायन. एकूण अठरा आहेत. बी म्हणजे ॲसिटोन, एफ म्हणजे टोल्युइन, के म्हणजे ४० टक्के कॉस्टिक सोडा, पी म्हणजे ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, टी म्हणजे ३७ टक्के फॉर्माल्डिहाइड. जे अक्षर छापलेले आहे, त्याच रसायनाविरुद्ध हातमोजा टिकला. जे नाही, त्याबद्दल खोका काहीच सांगत नाही.

चित्राच्या वर ए, बी किंवा सी असा प्रकारही लिहिलेला असतो. बी प्रकार म्हणजे यादीतल्या किमान तीन रसायनांविरुद्ध हातमोजा ३० मिनिटांहून जास्त टिकला. इथे फसगत होते. बाजारात मिळणाऱ्या पातळ नायट्राइल हातमोज्यांच्या खोक्यावर ‘प्रकार बी’ आणि खाली के, पी, टी ही तीन अक्षरे बऱ्याचदा दिसतात. तिन्ही पाण्यातली द्रावणे आहेत. तो हातमोजा फॉर्मेलिनसाठी खरोखर चांगला आहे. पण झायलिनचा जवळचा नातेवाईक म्हणजे टोल्युइन, आणि त्याचे एफ हे अक्षर त्या खोक्यावर नाही. झायलिन त्या पातळ नायट्राइलमधून काही मिनिटांतच येते. ‘केमिकल ग्लोव्हज, प्रकार बी’ एवढेच वाचून घेणारा माणूस इथे हमखास चुकतो.

सर्वांवर चालणारा हातमोजा मिळत नाही, हेही इथे सांगायला हवे. नायट्राइल तेलाला आणि पाण्याच्या द्रावणांना चांगले, पण ॲसिटोनपुढे लगेच हार मानते. ब्युटाइल रबर ॲसिटोनला उत्तम अडवते, तर झायलिनपुढे तेच निकामी. अनेक प्लास्टिकचे थर चिकटवून बनवलेले चंदेरी दिसणारे लॅमिनेट हातमोजे बहुतेक द्रावकांना आठ तासांहून अधिक अडवतात. पण ते कागदी पिशवीसारखे असतात, हाताच्या आकाराचे होत नाहीत. त्यांनी काचपट्टीवर पातळ काच ठेवणे अशक्य. वेटरहान यांच्या मृत्यूनंतर डायमिथाइल मर्क्युरीसाठी लॅमिनेट हातमोजा आत आणि त्यावर जाड, लांब बाहीचा हातमोजा, अशी जोडी सुचवली गेली ती याच कारणाने. आतला रसायन अडवतो, बाहेरचा आतल्याला फाटण्यापासून वाचवतो.

तेव्हा आम्ही दोघे एक कागद घेऊन बसलो आणि हातमोज्यांपासून नव्हे तर कामांपासून सुरुवात केली. कुठले रसायन, किती वेळ, बुडणे की शिंतोडे, बोटांची नजाकत लागते का, एवढे चारच प्रश्न.

उतीचे तुकडे कापण्याचे काम फॉर्मेलिनमध्ये होते आणि हात बराच वेळ ओले राहतात. तिथे टी अक्षर असलेले, जरा जाड नायट्राइल. एक नमुना झाला की हातमोजा बदलायची गरज नाही, पण जेवणाच्या सुट्टीत उतरवलेला परत घालायचा नाही.

यंत्रातल्या झायलिनच्या बरण्या ठरावीक दिवसांनी रिकाम्या करून भरायच्या असतात. हे काम पंधरावीस मिनिटांचे, पण लिटरच्या हिशेबाने ओतायचे. इथे नजाकत लागत नाही. म्हणून आत लॅमिनेट आणि वर जाड नायट्राइल.

उरले काच चिकटवण्याचे काम, ज्याने हात बिघडले होते. इथे हातमोजा बदलून प्रश्न सुटत नव्हता. बोटांना संवेदना हवी म्हणून हातमोजा पातळच असणार, आणि पातळ हातमोजा झायलिनला पुरा पडणार नाही. म्हणून आम्ही काम बदलले. काचपट्टी बोटांत न धरता सपाट ट्रेवर ठेवायची आणि काच चिमट्याने बसवायची. म्हणजे बोटे ओली होण्याचे कारणच उरत नाही. वर पातळ नायट्राइलच्या दोन जोड्या, एकावर एक. शिंतोडा दिसला की बाहेरची जोडी तिथल्या तिथे काढून टाकायची आणि नवी घालायची. पुसून काम पुढे न्यायचे नाही. बाहेरच्या हातमोज्याच्या बाहीवर घातल्याची वेळ पेनने लिहायची आणि शिंतोडा उडो न उडो, पंधरा मिनिटांनी ती जोडी उतरवायची. हातमोजा फक्त हातासाठी असतो, नाकाला तो वाचवत नाही. म्हणून ही ट्रे हवा ओढणाऱ्या कपाटात सरकवली.

हे सगळे ठरल्यावर तंत्रज्ञांनी साधा प्रश्न विचारला. “पण मॅडम, एवढे ग्लोव्हज येणार कुठून? स्टोअरमधून महिन्याला मोजून खोके मिळतात. म्हणून तर वाळत घालतो.”

मी भांडारातून मागणीपत्रांची फाइल मागवली. प्रयोगशाळेच्या हातमोज्यांपुढे लिहिले होते, ‘तपासणीचे हातमोजे, लेटेक्स, मध्यम आकार’. कुठल्या रसायनासाठी, किती जाडीचे, कुठल्या चाचणीचे, याचा उल्लेख नव्हता. वॉर्डाच्या मागणीचीच ओळ खाली उतरवली होती. खरेदी समितीची सदस्य म्हणून त्या पानावर माझी सही होती. तीन वर्षे सलग.

नव्या मागणीपत्रात आता तीन ओळी आहेत, एकेका कामासाठी एकेक. प्रत्येकीत हातमोज्याचा पदार्थ, जाडी आणि हवे ते अक्षर लिहिले आहे, आणि ‘झायलिनविरुद्धचा ब्रेकथ्रू टाइम पुरवठादाराने लेखी द्यावा’ अशी अट. हा तक्ता निर्मात्यांकडे असतो, मागितला की मिळतो. एका पुरवठादाराने फोन करून विचारले, “आजवर कुणी मागितला नव्हता, नेमकं काय हवंय?” त्याला ते समजावून सांगायला दहा मिनिटे लागली.

हा प्रश्न पॅथॉलॉजीपुरता नाही. रंगारी जो थिनर वापरतात त्यात टोल्युइन, झायलिन आणि ॲसिटोन यांसारख्या द्रवांचे मिश्रण असते. मिश्रणाचा वेळ सर्वांत वेगाने आरपार येणाऱ्या घटकावर ठरतो, आणि तो घटक आपल्यामागून इतरांनाही ओढून आणू शकतो. शेतकऱ्यांच्या कीटकनाशकाच्या बाटलीवर औषधाच्या नावापुढे ‘ईसी’ लिहिलेले असेल, तर ते औषध तेलकट द्रावकात विरघळवलेले असते, आणि तो बऱ्याचदा झायलिनच्याच कुळातला असतो. सर्वांत धोक्याची वेळ फवारणीची नसून बाटलीतले दाट औषध मोजून पंपात ओतण्याची असते. तिथे डॉक्टरी पातळ हातमोजा किंवा कापडी अस्तराचा हातमोजा कामाचा नाही. अस्तर औषध पिऊन घेते आणि धुतले तरी सोडत नाही. अस्तर नसलेला, कोपराकडे जाणारा जाड नायट्राइल हातमोजा हवा. काम झाल्यावर तो हातातच साबणाने धुवायचा आणि मग काढायचा. आतून वास येऊ लागला किंवा रबर फुगले की तो टाकायचा.

कुणाच्या बोटांना कामाच्या दिवसांत भेगा पडत असतील आणि सुट्टीत बरे वाटत असेल, तर डॉक्टरकडे जाताना मलमाचे नाव सांगण्याबरोबर हातमोज्याचे खोके आणि रसायनाच्या बाटलीचे लेबल, दोन्हींचे फोटो न्यावेत. निदान निम्मे त्यात असते.

आमचे तंत्रज्ञ सहा आठवड्यांनी परत आले. भेगा भरल्या होत्या, पेरांवरची त्वचा अजून पातळ आणि गुलाबी होती. मलम तेच चालू ठेवायला सांगितले. जाताना त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. शेजारच्या विभागातल्या सहकाऱ्याने ॲसिटोनने काचा पुसण्यासाठी निळे नायट्राइलचे हातमोजे घेतले होते, त्या खोक्यावरची अक्षरे त्यांनी उतरवून आणली होती. के, पी, टी.

“मॅडम, यात बी नाही,” ते म्हणाले. “त्याला काय सांगू?”